मेहकर आलं का?

आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग, घाटावरचा आणि घाटाखालचा. माणसं तीच, पिकं थोडी वेगळी, बोली थोडी वेगळी. पण सप्ताह बसला की दोन्हीकडं एकच गोष्ट. सहा दिवस कीर्तनाला म्हातारी माणसं पुढं बसायची आणि पोरं मागं डुलक्या घ्यायची. भारुडाच्या रात्री मात्र पोरं पुढं आणि म्हाताऱ्या बाया शेणानं सारवलेल्या ओट्यांवर जागा धरून. नाथमहाराजांनी विंचू, भूत्या, जोशी अशी सोंगं लिहून ठेवली ती लोकांनी हसता हसता ऐकावं म्हणूनच. भारुडाला हसू आलं नाही तर पुढचा परमार्थ कोणाच्या कानात जात नाही.

मी सोळा-सतरा वर्षांचा असताना आमच्या पंचक्रोशीतल्या एका भारूड मंडळात टाळ वाजवायला बसत होतो. मंडळ पाच जणांचं. सोंग घेणारे बुवा, ढोलकीवाले मामा, एक खंजिरीवाला, एक झीलकरी आणि मी. झीलकरी म्हणजे बुवाच्या ओळीला मागून ओढ देणारा. तो "हां बुवा", "मंग काय झालं?" असं विचारत राहायचा. पाहणाऱ्याला वाटायचं हा माणूस फुकट जेवतो. दोन हंगाम त्याच्या शेजारी बसल्यावर कळलं की मंडळाचा अर्धा जीव त्याच्याच हातात असतो.

बुवांच्या पोतडीत पन्नास-साठ चुटके असतील. त्यातला एक तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, फक्त गावांची नावं बदलतात. आमच्याकडं तो असा. एक आबाजी सिंदखेडराजाला एस.टी.त बसले. कंडक्टरला म्हणाले, "मेहकर आलं की सांगजा बरं." दुसरबीड आलं, "काहो कंडक्टर, मेहकर आलं का?" बिबी आलं, "मेहकर आलं का?" सुलतानपूर आलं, पुन्हा तेच. कंडक्टर वैतागला. म्हणे, "आबाजी, झोपा आता. आलं की म्या उठवतो तुमाले." आबाजी झोपले आणि कंडक्टर इसरला. डोणगाव आल्यावर त्याला आठवलं. सगळ्या गाडीला हळहळ. ड्रायव्हर देवमाणूस, त्यानं गाडी मागं फिरवली. मेहकरला आणून आबाजीला हलवलं, "उतरा आबाजी, आलं मेहकर." आबाजी डोळे चोळत म्हणाले, "उतरायचं कोणाले हाय बाप्पा? पोरगं म्हने, मेहकर आलं की घ्याजा गोळी!"

शेवटच्या वाक्याची ठेवण पाहा. साध्या बोलण्यात आपण म्हणू, "मेहकर आलं की गोळी घ्यायची असं पोरानं सांगितलं होतं." पण मग हशाचा शब्द येतो मध्ये आणि त्याच्या मागं चार शब्द लोंबकळत राहतात. लोक 'गोळी'वर हसायला लागतात, सांगणारा 'सांगितलं होतं' म्हणत त्यांच्या हसण्यावर पाय देतो. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळं ही अडचण पदोपदी. बुवा म्हणायचे, "हशाचा शब्द दारात उभा करायचा. त्याच्या मागं घरातलं कोणी दिसू द्यायचं नाही." म्हणून ते बाकी गोष्ट रोज वेगळी सांगत, कधी कंडक्टरला तोतरा करत, कधी ड्रायव्हरला पैलवान. शेवटचं वाक्य मात्र शब्दाला शब्द तेच. तेवढंच पाठ, बाकी सगळं मोकळं.

आता हेच पाठ केलेलं वाक्य एका रात्री बुवांच्या तोंडातून गेलं. १९८९-९० च्या सुमाराची गोष्ट. पैनगंगेच्या काठचं गाव, मारुतीच्या पारासमोर मांडव. लाईट संध्याकाळपासून गेलेली, गॅसबत्तीवर भारूड चाललेलं. बुवा आबाजी होऊन काठी टेकत बोलत होते. "उतरायचं कोणाले हाय बाप्पा?" एवढं म्हणायला आणि लाईट यायला एकच गाठ पडली. माईकनं कर्कश किंकाळी फोडली, पोट्टे "आली रे आली" करून उठले, कोणी तरी गॅसबत्ती विझवायला धावलं. गोंधळ बसला तेव्हा बुवा म्हणाले, "पोरगं म्हने, मेहकर आलं की..." आणि गाडी तिथंच थांबली.

शेकडो वेळा सांगितलेला चुटका माणूस विसरतो कसा, हे मला त्यानंतर बऱ्याच काळानं उमगलं. गोष्ट साखळीसारखी लक्षात राहते. दुसरबीड बिबीला ओढतं, बिबी सुलतानपूरला. शेवटचं वाक्य मात्र मागच्या वाक्याच्या वेगावर तोंडातून निघतं. तो वेग मध्येच तुटला की वाक्य सापडत नाही, मग ते कितीही पाठ असो. नवीन चुटक्यात माणूस सावध असतो. जुन्या चुटक्यात जीभ चालते आणि मन लोकांची तोंडं मोजत असतं. म्हणून विसर बहुतेक जुन्याच चुटक्यात पडतो.

मी बुवांच्या डाव्या हाताला होतो. त्यांचा अंगठा धोतराच्या काठावर घासत होता. ही त्यांची खूण. ती मला दिसली, झीलकऱ्याला दिसली, समोरच्या तीन-चारशे माणसांपैकी कोणालाही दिसली नाही. कारण बुवांनी अजून आबाजीला सोडलं नव्हतं. कंबर वाकलेलीच, हनुवटी थरथरतेच, नजर म्हाताऱ्याचीच. ते "थांबा" म्हणाले नाहीत. "सुरुवातीपासून सांगतो" म्हणाले नाहीत. माफी मागितली नाही, लाईटला दोष दिला नाही. काठी टेकून हळूहळू खाली उकिडवे बसले आणि ढोलकीवाल्या मामांकडं वळून म्हणाले, "काहो कंडक्टर, मेहकर आलं का?"

हा प्रश्न गोष्टीत तीनदा येऊन गेला होता. लोकांना तो ओळखीचा झाला होता, त्यामुळं चौथ्यांदा आल्याबरोबर एक बारका हशा पडला. मामांनी ढोलकीवर एक थाप टाकली आणि केहेरवा धरला. आठ मात्रांचं एक आवर्तन, तीन-चार सेकंदांचं. तेवढ्यात झीलकऱ्याला काम कळलं. पण त्यानं 'गोळी' हा शब्द पुरवला नाही. तो शब्द त्यानं बोलून टाकला असता तर हशा त्याच्या नावावर गेला असता आणि बुवा उघडे पडले असते. तो कंडक्टरच्या सुरात म्हणाला, "आबाजी, मेहकर कवाचं आलं. पन घरून निंगताना पोरानं खिशात काय देल्लं तुमच्या?"

बुवांचा हात बंडीच्या खिशात गेला. काही सापडेना. दुसऱ्या खिशात गेला. मग तोंडावर असा उजेड पडला की तो आबाजीचा होता की बुवांचा हे मला आजही सांगता येणार नाही. म्हणाले, "अरे बाप्पा बाप्पा! मेहकर आलं की घ्याजा म्हने... गोळी!"

त्या रात्रीइतका मोठा हशा त्या चुटक्याला मी आधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. घरी परतताना बैलगाडीत झीलकऱ्याला विचारलं, असं कसं झालं. तो बिडी पेटवत म्हणाला, "बुढा इसरला ना बे. बुवा कुठी इसरला?" मला वाटतं सगळी विद्या या दोन वाक्यांत आहे. विसर पडला तो सोंगाच्या खात्यावर टाकायचा. म्हाताऱ्यानं गोळी विसरणं हे चुटक्याच्या पोटातलंच आहे, त्यामुळं लोकांना कुठं शिवण दिसली नाही. चुटका शेटजीचा असता तर बुवांनी हिशेब विसरला असता, पाहुण्याचा असता तर सोयऱ्याचं नाव.

हे जमायला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे वेळ, आणि ती फार थोडी असते. मामा सांगायचे, ढोलकीच्या पहिल्या आवर्तनात लोक वाट पाहतात, दुसऱ्यात काळजी करतात, तिसऱ्यात आपसात बोलायला लागतात. म्हणून पहिल्या आवर्तनाच्या आत काही तरी करायचं, आणि ते गोष्टीतलंच असलं पाहिजे. दुसरी गोष्ट म्हणजे आधी पेरून ठेवलेलं एक वाक्य. "मेहकर आलं का?" हे बुवा उगीच तीनदा म्हणत नसत. गोष्टीत पुन्हा पुन्हा येणारं एक वाक्य असलं की वाट चुकल्यावर परत येऊन उभं राहायला जागा असते.

असंच मी पुढं दूरच्या माणसांबद्दलही ऐकलं. अमेरिकेत जॉनी कार्सन नावाचा माणूस 1962 पासून 1992 पर्यंत रात्री टीव्हीवर लोकांना हसवायचा. त्याचा एखादा चुटका पडला की बँड एक जुनी नाचाची चाल धरायचा आणि कार्सन तिथल्या तिथं पावलं टाकत नाचायचा. लोक चुटक्याला हसत नसत ते या नाचाला हसत. आमच्या मामांची ढोलकी आणि तो बँड एकच काम करत होते. आपल्याकडं वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडके हवालदार होऊन ताज्या बातम्यांवर बोलून घेत, तेही वगाची बांधणी ऐसपैस म्हणूनच. तमाशात काय, भारुडात काय, रिकामी जागा आधीच सोडलेली असते, म्हणून चुकलेला माणूस त्या जागेत मावतो.

एकट्या माणसाचं काम अवघड. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये लक्ष्मण देशपांडे एकटेच पन्नासहून जास्त पात्रं उभी करत. अशा एकट्याला मागं ना ढोलकी, ना झीलकरी. मग त्याला झीलकरीसुद्धा आपल्यातूनच काढावा लागतो. गोष्टीतलंच दुसरं पात्र बोलायला लावायचं, त्याच्याकडून पहिल्याला प्रश्न विचारायचा. प्रश्न विचारता विचारता बऱ्याचदा उत्तर आठवतं. नाहीच आठवलं तर एकदाच, सरळ, हसऱ्या तोंडानं म्हणायचं, "शेवट इसरलो बाप्पा, कोणाले येतो?" आमच्याकडं हे चालतं, कारण जुना चुटका समोरच्या दहा जणांना येतोच. कोणी तरी पोट्टं ओरडतं आणि हशा त्याला मिळतो. त्याला तो घेऊ द्यायचा. "मी हेच म्हणणार होतो" असं म्हणायला गेलं की हातचं तेवढंही जातं.

उलट कसं होतं तेही एकदा पाहिलं. एका शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुणे भाषणाला उभे राहिले. चुटका सुरू केला, शेवट विसरले. "थांबा, थांबा" म्हणाले. पुन्हा पहिल्यापासून सांगितला, पुन्हा तिथंच अडकले. मग "फार छान विनोद होता हो" असं तीनदा म्हणाले. शेवटी शेवट आठवला, पण तोवर पोरं एकमेकांच्या टोप्या ओढत होती. मग ते विनोद समजावून सांगू लागले. पहिल्या विसरानं त्यांचं काही बिघडलं नव्हतं. पोरं वाट पाहत होती, चांगल्या मनानं पाहत होती. बिघडलं ते दुसऱ्यांदा सुरुवात केल्यामुळं. ऐकणाऱ्याला बिबी आणि सुलतानपूर दोनदा फिरवून आणलं की त्याला मेहकरात रस राहत नाही.

विसरण्यापेक्षा वेळ चुकण्याचा प्रकार जास्त घडतो आणि तो लवकर ओळखू येत नाही. शेवट बरोबर सांगितला, पण हशा अर्धाच पडला, तर बुवा आधी पाहायचे की मागच्या बायांना ऐकू गेलं का. आमच्या मांडवात कर्णे असायचे पुढं, आणि बाया बसायच्या लांब ओट्यांवर. आवाज शंभर मीटर जायला सेकंदाचा तिसरा हिस्सा घेतो, मग तिकडचा हशा परत यायला तेवढाच. पुढची पोरं हसून मोकळी होत तेव्हा मागचा हशा उठायला लागे. नवखा माणूस पुढच्यांचं हसणं थांबलं की पुढचं वाक्य टाकतो आणि मागच्यांचा हशा तोडतो. दोनदा असं झालं की मागची माणसं हसायचंच सोडतात, कारण हसलं तर पुढचं ऐकू येत नाही. बुवा त्या वेळात खांद्यावरचा शेला नीट करत. हशा पुरता उतरायच्या आधी, पण ऐन भरात नव्हे, अशा वेळी पुढचं वाक्य टाकत.

आणि लोक शेवटाच्या आधीच हसले तर? म्हणजे कोणाला गोळी आधीच दिसली तर? तेव्हा बुवा शेवट सांगतच नसत. आबाजीसारखं त्या हसणाऱ्याकडं पाहून म्हणत, "याले बी पोरानं गोळी देल्ली वाटते." बस. हशा पडून गेल्यावर शेवटाला हट्टानं ओढत आणणं म्हणजे वरात पोचल्यावर घोडा शोधणं.

पण एक वेळ अशी असते की तिथं यातलं काहीच चालत नाही. एका गावी, परक्या तालुक्यात, बुवांनी सावकाराचं सोंग घेतलं. कर्जावरचा एक चुटका होता, नेहमी चालणारा. त्या रात्री शेवट झाला आणि कुठूनच आवाज आला नाही. खोकला नाही, पोरांची कुजबुज नाही. न समजलेल्या चुटक्यानंतरची शांतता वेगळी असते. त्यात माणसं हलतात, एकमेकांना विचारतात. ही शांतता हलत नव्हती. बायांच्या बाजूला एकीनं पदर तोंडाला लावला. झीलकरी पुढं सरकून बुवांच्या कानात बोलला. त्याच आठवड्यात त्या गावातल्या एका शेतकऱ्यानं कर्जापायी औषध घेतलं होतं. आम्ही संध्याकाळी उशिरा पोचलो होतो, आणि ठेपल्यावर कोणी सांगितलं नव्हतं, आम्ही विचारलंही नव्हतं.

मला वाटलं आता बुवा दुसरा एखादा चुटका सांगून वेळ मारून नेतील. मामांचा हातही ढोलकीवर गेला होता. बुवांनी त्यांना नजरेनं थांबवलं. सावकाराची टोपी काढली, खाली ठेवली, कंबर सरळ केली. इथं त्यांनी सोंग सोडलं. म्हणाले, "मायबाप, मले ठाऊक नव्हतं. चुकलं माझं." एवढंच. का चुकलं, कसं चुकलं, कोणी सांगितलं नाही, यातलं काही नाही. हात जोडले आणि तुकोबांचा एक अभंग नुसत्या टाळावर धरला. तो संपल्यावरही सोंग पुन्हा उभं केलं नाही. उरलेली रात्र भजनावर काढली. पहाटे निघताना एक म्हातारा आमच्या गाडीशी आला आणि बुवांच्या हातात दोन भाकरींची शिदोरी देऊन गेला. बोलला काही नाही.

परतीच्या वाटेवर बुवाच बोलले. "शब्द इसरला तर बुढ्याच्या डोक्यावर फोडायचा. माणूस दुखला तर सोंगामागं लपायचं नाही." त्यानंतर मंडळाला नियम झाला. कोणत्याही गावात गेलं की चहाच्या आधी झीलकऱ्यानं पारावर जाऊन विचारायचं, गावात काही दुःखद झालं का, कोणाचं लग्न मोडलं का, कोणाचं भांडण कोर्टात आहे का. त्यावरून रात्रीचे चुटके ठरायचे. मी टाळ सोडेपर्यंत हा नियम पाळला गेला.

आमच्यातला गोळीवाला चुटका पुढंही चालत राहिला, पण त्याचा शेवट बदलला. पैनगंगेकाठच्या त्या रात्रीनंतर बुवा रोजच मुद्दाम 'विसरू' लागले. खिसे चाचपायचे, झीलकऱ्यानं विचारायचं, मग गोळी. आणि हशा उतरला की त्याच म्हाताऱ्याच्या आवाजात बुवा विचारायचे, "मायबाप, गाडी तं चालू हाय. बिबी गेलं, सुलतानपूर गेलं. तुमची गोळी तुमच्या ध्यानात हाय का?" गोळी म्हणजे नामस्मरण, हे कोणाला सांगावं लागत नसे. ओट्यांवरच्या म्हाताऱ्या बाया हात जोडायच्या. ढोलकी बंद व्हायची. मांडवात तेवढा वेळ फक्त टाळ असायचा, आणि तो माझ्या हातात होता.